लिमिटेड की रीझनेबल? शाश्वतता आणि उत्सर्जन अहवालांवरच्या अश्युरन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्हींत नेमका फरक काय?

अश्युरन्स म्हणजे कंपनीच्या आकड्यांबद्दल बाहेरच्या तपासनीसाने दिलेली खात्री, आणि तिच्या दोन पातळ्या आहेत. रीझनेबल अश्युरन्समध्ये तपासनीस स्वतःचं मत देतो: "आमच्या मते हे उत्सर्जन-विवरण सर्व महत्त्वाच्या बाबतींत ठरलेल्या निकषांप्रमाणे तयार केलेलं आहे." लिमिटेड अश्युरन्समध्ये तो एवढंच म्हणतो: "आम्ही जे काम केलं त्यात, विवरण निकषांप्रमाणे नाही असं वाटायला लावणारं काही आमच्या नजरेला आलं नाही." पहिलं विधान होकारार्थी आहे, दुसरं नकारार्थी. शब्दांतला हा फरक मागच्या कामातून येतो. लिमिटेडमध्ये कमी खोदलेलं असतं, म्हणून बोलणंही जपून असतं.

चूक राहून जाण्याचा धोका दोन्हींत उरतो. रीझनेबलमध्ये तो बराच खाली आणलेला असतो, तरी शून्य नसतो. "रीझनेबल म्हणजे गॅरंटी" असं काही संचालक मंडळांना वाटतं, ते खरं नाही.

मग लिमिटेड म्हणजे किती टक्के खात्री? साठ? सत्तर?

टक्केवारी कुठल्याही मानकात दिलेली नाही. कुणी सांगितली तर ती त्याची स्वतःची आहे असं समजावं. अश्युरन्सच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसएई ३००० एवढंच म्हणतं की लिमिटेड अश्युरन्समधून मिळणारी खात्री वाचणाऱ्याला अर्थपूर्ण वाटेल इतकी तरी हवी. हा पट्टा बराच रुंद आहे. खालच्या टोकाला "अगदीच नगण्य म्हणता येणार नाही" एवढी खात्री असते, तर वरचं टोक रीझनेबलच्या जेमतेम खाली असतं. त्यामुळे दोन कंपन्यांच्या लिमिटेड अहवालांत निष्कर्षाचं वाक्य अक्षरशः एकच असतं, पण एकामागे चार कारखान्यांच्या भेटी असतात आणि दुसऱ्यामागे दोन ऑनलाइन बैठका. निष्कर्षावरून हे कळत नाही. ते कसं ओळखायचं, ते पुढे येतंच.

प्रत्यक्ष कामात काय बदलतं? नमुने दुप्पट घेतात एवढंच का?

नमुन्यांची संख्या वाढते, पण मुख्य फरक तो नाही. हरितगृह वायूंच्या विवरणांसाठीचं आयएसएई ३४१० उघडलंत तर बरेच परिच्छेद दोन स्तंभांत छापलेले दिसतात. एका बाजूला लिमिटेड, दुसऱ्या बाजूला रीझनेबल. हे स्तंभ शेजारी ठेवून वाचले की तीन ठिकाणी वाट वेगळी होते.

पहिलं ठिकाण म्हणजे धोका कुठल्या पातळीवर शोधायचा. लिमिटेडमध्ये "खरेदी केलेल्या विजेचं उत्सर्जन" या एका गठ्ठ्यात मोठी चूक असू शकते का, एवढा विचार पुरतो. रीझनेबलमध्ये तोच गठ्ठा सोडवावा लागतो. सगळी मीटर धरली आहेत का, आकडे याच वर्षाचे आहेत का, एकक बरोबर आहे का, वापरावरून उत्सर्जन काढायचा गुणांक योग्य आहे का, आणि नोंदलेली वीज खरोखर वापरली गेली का? प्रत्येक प्रश्नाचा धोका वेगळा, म्हणून त्याची तपासणीही वेगळी.

दुसरं ठिकाण अंतर्गत नियंत्रणांचं. लिमिटेडमध्ये माहिती कशी गोळा होते आणि कोण जबाबदार आहे हे समजून घेतलं तरी चालतं. रीझनेबलमध्ये नियंत्रणं कशी आखली आहेत ते बघावं लागतं, आणि त्यांच्यावर भिस्त ठेवायची असेल तर ती वर्षभर चालली का हेही तपासावं लागतं. "प्लांट हेड दर महिन्याला आकडे तपासून सही करतात" हे वाक्य लिमिटेडमध्ये ऐकून घेता येतं. रीझनेबलमध्ये बाराच्या बारा नाहीत तरी काही महिन्यांच्या सह्या बघाव्या लागतात, आणि सही करणाऱ्याने खरंच काय पडताळलं ते विचारावं लागतं.

तिसरं ठिकाण विश्लेषणाचं, म्हणजे आकड्यांच्या ताळमेळाचं. दोन्हींत तपासनीस स्वतःचा एक अंदाज बांधतो आणि कंपनीचा आकडा त्याच्याशी ताडून बघतो. रीझनेबलमध्ये तो अंदाज इतका नेमका हवा की मोठी चूक असेल तर ती त्यातून बाहेर पडली पाहिजे. फरक दिसला तर कंपनीचं स्पष्टीकरण ऐकून थांबता येत नाही, त्याला पुरावा लागतो. लिमिटेडमध्ये मुख्य भर विचारपूस आणि अशा ताळमेळावर असतो, आणि अंदाज ढोबळ असला तरी चालतो.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

चाकणच्या बाजूला सुटे भाग बनवणारी एक कंपनी घेऊ. कंपनी कल्पित आहे, पण तिच्या चुका या क्षेत्रात नेहमी होणाऱ्या आहेत. तिने वर्षाचे आकडे असे दिले: वीज १ कोटी २६ लाख युनिट, जनरेटरसाठी डिझेल ३ लाख लिटर, भट्टीसाठी एलपीजी २०० टन.

गणित सोपं ठेवण्यासाठी फक्त कार्बन डायऑक्साइड धरू. डिझेलचा गुणांक लिटरमागे २.६८ किलो, म्हणून ८०४ टन. एलपीजीचा किलोमागे सुमारे २.९८ किलो, म्हणून ५९६ टन. दोन्ही मिळून स्कोप १ चे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या स्रोतांतून थेट होणाऱ्या उत्सर्जनाचे, १,४०० टन. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा राष्ट्रीय ग्रिडचा सरासरी गुणांक, मेगावॅट-तासाला ०.७२७ टन. १ कोटी २६ लाख युनिट म्हणजे १२,६०० मेगावॅट-तास. त्यांना या गुणांकाने गुणलं की स्कोप २ चे, म्हणजे खरेदी केलेल्या विजेच्या उत्सर्जनाचे, ९,१६० टन. एकूण १०,५६०.

यात दोन चुका दडलेल्या आहेत.

पहिली विजेची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. बिलावर केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट, आणि केव्हीएएच, म्हणजे कामी न आलेला भारही धरणारा मोठा आकडा, असे दोन्ही आकडे असतात, पण पैसे केव्हीएएचवर लागतात. हिशेब विभागाने पैशांशेजारचा आकडा उचलला, कारण त्यांना तोच आकडा माहीत. ग्रिडचा गुणांक मात्र केडब्ल्यूएचसाठी आहे. बिलांवरून बघितलं तर खरे युनिट १ कोटी २० लाख, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, पॉवर फॅक्टर, सुमारे ०.९५२. खरं स्कोप २ उत्सर्जन ८,७२४ टन निघतं. कंपनीने ४३६ टन जास्त दाखवले.

दुसरी डिझेलची. दुसऱ्या युनिटमध्ये नवीन वीजजोडणी लांबली, म्हणून काही महिने भाड्याचा जनरेटर चालला. ठेका डिझेलसकट होता. बिल "भाडे" या खात्यात गेलं आणि इंधनाच्या खात्यात काहीच दिसलं नाही. पण जनरेटर कधी आणि किती चालवायचा हे कंपनीच ठरवत होती, आणि कंपनीने हद्द ठरवताना कार्यकारी नियंत्रणाचा, म्हणजे जे आपण चालवतो ते आपलं असा, निकष घेतलेला आहे. त्यामुळे ते उत्सर्जन तिच्याच स्कोप १ मध्ये येतं. डिझेल ६०,००० लिटर, म्हणजे १६१ टन गायब.

या चुका लिमिटेडमध्ये सापडल्या असत्या का?

विजेची चूक लिमिटेडमधून निसटण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याचं कारण रंजक आहे. कंपनी दरवर्षी हाच आकडा उचलते, त्यामुळे मागच्या वर्षाशी तुलना केली तर काही वावगं दिसत नाही. उत्पादनाच्या टनामागे विजेचं प्रमाण काढलं तर तेही स्थिर. हुशार तपासनीस मग वीजखर्चाला युनिटने भागून दर काढेल आणि दरपत्रकाशी जुळवेल. तो दर अगदी चपखल जुळेल, कारण दरपत्रकही केव्हीएएचचंच! ज्या ताळमेळाने चूक पकडायची, तोच चुकीवर शिक्कामोर्तब करतो. रीझनेबलमध्ये एककाचा धोका वेगळा मांडलेला असतो, म्हणून बिल हातात घेऊन कुठल्या रकान्यातला आकडा आहे हे बघणं टळत नाही. एक बिल नीट बघितलं तरी उलगडा होतो. लिमिटेडमध्येही कुणी बिल बघतोच, नाही असं नाही. पण ते बघणं त्याच्या विवेकावर आणि आखलेल्या कामावर अवलंबून असतं.

डिझेलची चूक वेगळ्या जातीची आहे. इथे आकडा चुकलेला नाही, तो नाहीच. कंपनीच्या डिझेल रजिस्टरमधून नोंदी उचलून पावत्यांशी कितीही जुळवल्या तरी रजिस्टरमध्ये नसलेलं डिझेल सापडणार नाही. उलट दिशेने यावं लागतं: भाडेखातं चाळायचं, गेटच्या आवक नोंदी बघायच्या, युनिटमध्ये चक्कर मारून "वीज येईपर्यंत मशीन कशावर चालवलीत?" असं मेंटेनन्सच्या माणसाला विचारायचं. माझ्या मते उत्सर्जनाच्या कामात बाहेरून आत जाणारी ही तपासणीच सर्वात जास्त चुका पकडते, आणि वेळ कमी पडला की सर्वात आधी तीच वगळली जाते.

५ टक्क्यांची मर्यादा लावली तर दोन्ही चुका सोडून देता येतील ना?

५ टक्के हा नियम नाही, किती मोठी चूक गंभीर धरायची हे ठरवण्याची प्रचलित सुरुवात आहे. तरी तोच धरून बघू. एकूण १०,५६० टनांचे ५ टक्के म्हणजे ५२८ टन. एक चूक ४३६ जास्त, दुसरी १६१ कमी. वजाबाकी केली तर २७५, मर्यादेच्या बरीच आत. मग "सोडून द्या" म्हणण्याचा मोह होतो.

पण अहवालात स्कोप १ आणि स्कोप २ वेगवेगळे छापलेले असतात आणि वाचणारा ते वेगळे वाचतो. स्कोप १ च्या १,४०० टनांचे ५ टक्के ७० होतात. १६१ टन त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. स्कोप २ साठी मर्यादा ४५८ आणि चूक ४३६, म्हणजे जेमतेम आत. तेव्हा आकाराने लहान असलेली चूक गंभीर ठरते आणि तिच्या जवळजवळ तिप्पट असलेली काठावर निभावते. शिवाय वेगवेगळ्या आकड्यांतली एक चूक जास्तीची आणि दुसरी कमीची म्हणून त्या एकमेकींना खाऊन टाकतात, असा हिशेब मांडता येत नाही. विजेची चूक ऊर्जावापराच्या आकड्यातही शिरलेली असते: ६ लाख युनिट म्हणजे २,१६० गिगाज्यूल. तिथे तिचं मोजमाप पुन्हा वेगळं करावं लागतं.

मर्यादा ठरवताना लिमिटेड आणि रीझनेबल असा भेद करायचा नसतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. किती मोठी चूक वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करेल, हा प्रश्न वाचणाऱ्याकडे बघून सोडवायचा असतो. तपासनीस किती काम करणार यावरून तो ठरत नाही.

लिमिटेडच्या कामात काही खटकलं तर "आमच्या कामाच्या कक्षेबाहेर" म्हणून पुढे जाता येतं?

नाही. मोठी चूक असू शकते असं वाटण्याजोगं काही समोर आलं की लिमिटेडमध्येही जादा तपासणी करावीच लागते. चूक असण्याची शक्यता नाही असं म्हणता येईपर्यंत किंवा चूक आहेच हे ठरेपर्यंत ती चालते. भाड्याच्या जनरेटरचा उल्लेख बैठकीत कुणी सहज केला, तर त्या क्षणापासून तो धागा सोडता येत नाही.

पुरावे जमत नाहीत म्हणून रीझनेबलचं काम मध्येच लिमिटेड करून घेता येईल का?

पुरावे मिळत नाहीत हे त्यासाठी मान्य कारण नाही, असं आयएसएई ३००० स्पष्टपणे सांगतं. अशा वेळी निष्कर्ष सशर्त द्यावा लागतो किंवा देण्यास नकार द्यावा लागतो. दुसऱ्या सबळ कारणाने काम बदललं, तरी तोवर हाती आलेला पुरावा विसरून जाता येत नाही. मार्चअखेरीनंतर हा प्रस्ताव येतो तेव्हा त्यामागे बहुधा हेच कारण असतं, मग पत्रात काहीही लिहिलेलं असो.

भारतात नक्की काय सक्तीचं आहे?

सेबीने १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने सूचिबद्ध कंपन्यांच्या शाश्वतता अहवालाचा गाभा असलेलं बीआरएसआर कोअर आणलं. हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता वगैरे नऊ विषयांतले निवडक आकडे त्यात आहेत. त्यांच्यावर रीझनेबल अश्युरन्स घेण्याची सुरुवात २०२३-२४ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १५० सूचिबद्ध कंपन्यांपासून झाली. पुढे २५०, ५०० आणि २०२६-२७ ला १,००० असे टप्पे ठरले. मार्च २०२५ मध्ये सेबीने "असेसमेंट किंवा अश्युरन्स" असा पर्याय दिला. त्यामुळे आता अहवाल वाचताना त्यावर यांपैकी कुठला शब्द आहे ते आधी बघा. असेसमेंट वेगळ्या मानकावर चालतं, त्याला रीझनेबल अश्युरन्स समजू नका.

तपासनीस सनदी लेखापालच हवा अशी अट नाही. पण त्याने किंवा त्याच्या सहयोगी संस्थेने त्याच कंपनीला वा तिच्या समूहाला सल्लासेवा देऊ नये, हे परिपत्रकात आहे. ज्यांनी आकडे काढायचं पत्रक बनवून दिलं, त्यांनीच ते तपासायचं नाही.

एकाच अहवालात काही आकडे रीझनेबल आणि काही लिमिटेड असू शकतात का?

हो, आणि बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं. स्कोप १ आणि २ चे पुरावे कंपनीच्या हातात असतात: मीटर, बिलं, टाकीची पातळी. स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या बाकी उत्सर्जनात, खरेदी केलेल्या मालाचं उत्सर्जन पुष्कळदा खर्च केलेल्या रुपयांवरून काढतात, आणि मूळ नोंदी पुरवठादाराकडे असतात. तिथे रीझनेबल घ्यायचं म्हटलं तर पुरावाच पुरत नाही. फक्त कुठला आकडा कुठल्या प्रकारात मोडतो हे तक्त्यात खूण करून दाखवलेलं हवं. "आमच्या अहवालाला अश्युरन्स आहे" असं मुखपृष्ठावर छापून आतल्या पानावर सहा आकड्यांपुरतं लिमिटेड असेल, तर ती दिशाभूल आहे असंच मी म्हणेन.

अश्युरन्सचा अहवाल हातात आला तर आधी काय वाचायचं?

निष्कर्ष शेवटी वाचा. आधी कक्षा बघा: कुठले आकडे, कुठले कारखाने, कुठलं वर्ष. मग निकष. त्यानंतर लिमिटेड असेल तर केलेल्या कामाचा सारांश, कारण तिथेच वरच्या रुंद पट्ट्यात हा अहवाल कुठे बसतो ते दिसतं. "व्यवस्थापनाशी चर्चा केली, गणिताची फेरतपासणी केली" एवढंच असेल तर तो पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे. "तीन ठिकाणी भेट दिली, निवडक महिन्यांची बिलं मूळ नोंदींशी जुळवली" असं असेल तर बराच वर आहे. रीझनेबलच्या अहवालात हा सारांश त्रोटक असला तरी बिघडत नाही, कारण तिथे कामाची पातळी मानकानेच बांधून दिलेली असते.

बाहेरच्या देशांत काय चाललं आहे?

युरोपीय संघाच्या सीएसआरडी या शाश्वतता अहवालांबद्दलच्या निर्देशाने लिमिटेडपासून सुरुवात केली आणि पुढे रीझनेबलकडे जाण्याचा विचार ठेवला होता. फेब्रुवारी २०२५ च्या ऑम्निबस प्रस्तावात युरोपीय आयोगाने ते पुढचं पाऊल वगळायचं सुचवलं. कॅलिफोर्नियाच्या एसबी २५३ कायद्यात स्कोप १ आणि २ साठी २०२६ पासून लिमिटेड आणि २०३० पासून रीझनेबल असा क्रम आहे. भारताने पहिल्याच टप्प्यात थेट रीझनेबलला हात घातला, हे या दोघांच्या तुलनेत धाडसाचं होतं. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसएसए ५००० हे नवं मानक १५ डिसेंबर २०२६ पासून किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींना लागू होतं. ते दोन्ही पातळ्यांसाठी एकच आहे.

यंदा लिमिटेड झालं, पुढच्या वर्षी रीझनेबल करायचं आहे. तयारी कधी सुरू करायची?

वर्ष सुरू होण्याआधी. यातला बराचसा पुरावा नंतर तयारच करता येत नाही. १ एप्रिलला डिझेलच्या टाकीत किती होतं, हे जूनमध्ये मोजता येत नाही. मासिक तपासणीची सही मागच्या तारखेने करता येत नाही, केली तर तो वेगळाच गुन्हा. म्हणून मार्चच्या शेवटच्या दिवशी टाक्यांची पातळी मोजून त्यावर दोन माणसांच्या सह्या घ्या. एसीच्या गॅसचे सिलिंडर किती शिल्लक आहेत तेही लिहून ठेवा. एलपीजीचा वजनकाटा आणि पाण्याची मीटरं यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं वर्षभर वैध राहतील ना, ते बघा.

मग प्रत्येक आकड्यासाठी एक पान लिहा. आकडा कुठल्या कागदावरून, कुठल्या रकान्यातून, कुठल्या एककात घ्यायचा, कोण घेणार आणि कोण तपासणार. वरच्या कंपनीने विजेसाठी असं एक पान लिहिलं असतं, तर त्यात "बिलातला केडब्ल्यूएचचा रकाना" हे शब्द आले असते.

मागच्या वर्षाच्या तुलनात्मक आकड्यांचाही विचार करा. ते लिमिटेडखालीच तपासलेले राहतात, आणि अहवालात तसं सांगावं लागतं. रीझनेबलच्या पहिल्या वर्षी जुनी चूक सापडली, जशी इथे केव्हीएएचची, तर मागचा आकडाही दुरुस्त करून कारणासह छापावा लागतो. नाहीतर एका वर्षात वीज पाच टक्क्यांनी कमी झाली असं दिसेल आणि कुणीतरी ती बचत म्हणून सादरीकरणात घालेल.